तिकीट ‘Cannot Reproduce’ म्हणून परत येतंय? संतापलेल्या तक्रारीतून पायऱ्या अशा काढा

लक्षण ओळखीचं आहे. ग्राहकाची तक्रार येते, सपोर्टवाला ती जशीच्या तशी तिकिटात चिकटवतो, डेव्हलपर दुपारी आपल्या जागेवर करून पाहतो आणि त्याच्याकडे सगळं सुरळीत चालतं. तिकिटावर `Cannot Reproduce` असा शेरा पडतो आणि ते बंद होतं. पंधरवड्याने तोच ग्राहक तीच तक्रार घेऊन येतो, या वेळी आवाज आणखी चढलेला. पुन्हा तिकीट, पुन्हा तोच शेरा.

यात कोणी खोटं बोलत नसतं. ग्राहकाच्या दुकानात दोष खरोखर घडतो आणि डेव्हलपरच्या टेबलावर तो खरोखर घडत नाही. ज्या परिस्थितीत तो घडतो ती परिस्थिती तिकिटात कुठेच लिहिलेली नसते, एवढंच. ती ग्राहकाच्या बोलण्यात बहुतेक वेळा असते, पण संतापाच्या ओघात, भलत्याच वाक्याच्या पोटात. ती तिथून कशी बाहेर काढायची हे मी एका तक्रारीवरून सांगते, कारण नुसते नियम सांगून हे हातात येत नाही.

मी नागपुरात छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या एका बिलिंग अ‍ॅपच्या तक्रारी हाताळते. ही तक्रार कॉटन मार्केटच्या एका भाजी अडतियाची. सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला. उतरवून काढला तो असा:

> “काय लावलं हो तुम्ही लोकांनी? तीन महिन्यापासून सांगून राह्यलो, कोणी ऐकूनच नाही घेऊन राह्यलं. तुमचं अ‍ॅप माही बिलं खाऊन टाकते. आज पुन्हा सकाळच्या दोन गाड्याचे बिल गायब! मुनीमजीनं बिल फाडलं, पावती निघाली, गिऱ्हाईक माल घेऊन गेला, अन् आता मी येऊन पाह्यतो तं आजच्या विक्रीत ते बिलंच नाही. काल रविवार होता, काल तं काही झालं नाही, रातच्याला मेळ बरोबर जुळला होता, आता पाह्यलं तं तोबी बिघडला. मागच्या टायमाला तुमचा पोरगा म्हणे नेट स्लो आहे. नवीन राऊटर घेतला, तरी तेच. पावतीची खालची लाईनबी कटून येते, तेबी कोणी पाहत नाही. मुनीमजी म्हणते म्या सोता पाह्यलं होतं आजच्या विक्रीत, मंग गेलं कुठं? आता त्याच्यावर विश्वास ठेवू का तुमच्यावर? पैसे वापस करा नाही तं मी बंद करतो हे सगळं.”

याच ग्राहकाची आधीची दोन तिकिटं बंद झालेली होती. पहिल्याचं शीर्षक होतं ‘अ‍ॅप बिलं डिलीट करतंय, अर्जंट’. दुसऱ्याचं होतं ‘नेटवर्कमुळे बिल सिंक होत नाही’. ही दोन्ही शीर्षकं म्हणजे कोणाचे तरी अंदाज होते, आणि डेव्हलपरने त्या अंदाजांचा शोध घेतला. बिल डिलीट करणारा कोड तपासला, तो ठीक होता. सिंक तपासलं, तेही ठीक होतं.

आधी वाक्यं वेगळी करा

मेसेज ऐकला की मी तो कागदावर उतरवते आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: हे या माणसाने डोळ्यांनी पाहिलं, की पाहिल्यावरून ठरवलं?

‘अ‍ॅप बिलं खाऊन टाकते’ हे ठरवलेलं आहे. ‘आजच्या विक्रीत ते बिल नाही’ हे पाहिलेलं आहे. ‘गायब’ हे ठरवलेलं आहे, कारण त्यांनी फक्त एका स्क्रीनवर पाहिलं, सगळीकडे शोधलं नाही. ‘पावती निघाली’ हे पाहिलेलं आहे, आणि आमच्या अ‍ॅपमध्ये बिल सेव्ह झाल्याशिवाय पावती छापली जात नाही, म्हणजे बिल तयार झालं हे पक्कं. ‘नेट स्लो आहे’ हे तर ग्राहकाचंही नाही, आमच्याच माणसाने लावलेलं निदान आहे. राऊटर बदलून ग्राहकाने ते स्वतःच्या खर्चाने खोटं ठरवलंय. तिकिटात ही माहिती सोन्याच्या मोलाची, कारण एक अख्खी वाट बंद होते.

आता पाहिलेल्या वाक्यांपैकी सगळ्यांत विचित्र कोणतं ते शोधा. माझ्या अनुभवात दोषाचं मूळ तिथेच सापडतं. इथे ते होतं: ‘रातच्याला मेळ बरोबर जुळला होता, आता पाह्यलं तं तोबी बिघडला.’ बिलं आजची गेली, तर कालचा रोजमेळ का बिघडावा? बिल नुसतं नाहीसं झालं असतं तर कालच्या बेरजेला धक्का लागायचं कारणच नव्हतं. डेव्हलपरला पाठवताना सपोर्टवाले नेमकं हेच वाक्य गाळतात, कारण ते मुख्य तक्रारीत बसत नाही. आधीच्या दोन्ही तिकिटांत ते नव्हतं.

‘काल रविवार होता, काल तं काही झालं नाही’ हेही असंच. ग्राहक ते आमच्यावर चिडून म्हणतोय, पण त्यात तुलना आहे: एक दिवस घडलं, एक दिवस नाही. मग दोन दिवसांत फरक काय होता हे विचारलंच पाहिजे.

पावतीची खालची ओळ कापली जाते, हा वेगळा दोष आहे. त्याचं तिकीट वेगळं केलं. एकाच तिकिटात दोन दोष घातले की सोपा दोष दुरुस्त होतो, तिकीट बंद होतं आणि अवघड दोष त्याच्याबरोबर गाडला जातो.

फोनवर काय विचारायचं

संतापलेल्या माणसाला पहिल्यांदाच ‘अ‍ॅपचं व्हर्जन कोणतं?’ असं विचारलं तर तो आणखी भडकतो, आणि ते रास्तच आहे. तीन महिन्यांपासून तो बिलांबद्दल बोलतोय आणि आपण फोनबद्दल. मी आधी त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांनाच परत सांगते, म्हणजे ऐकलं गेलंय हे त्यांना कळतं आणि काही चुकीचं समजलं असेल तर तेही तिथेच कळतं. मग त्यांच्या हातातल्या कागदाबद्दल विचारते.

“भाऊ, मुनीमजीनं पावती दिली, माल गेला, पण आजच्या विक्रीत बिल नाही, आणि कालचा मेळ रात्री जुळला होता तो आता जुळत नाही. बरोबर?”

“हौ, बरोबर.”

“पावत्यांच्या कार्बन कॉपी आहेत जवळ? जी बिलं दिसत नाहीत त्यांचे नंबर आणि वेळ वाचून दाखवाल का?”

“एकेचाळीसशे सत्त्याऐंशी. टाइम हाये… चार बावन्न. अठरा हजार चारशेचं. दुसरं अठ्ठ्याऐंशी, पाच चौदाचं, अकरा हजार अडीचशे.”

“आणि त्याच्या पुढचं, एकोणनव्वद?”

“ते तं दिसून राह्यलं. पाच एक्केचाळीस. नऊ हजार सहाशे.”

“कालची बेरीज रात्री किती होती?”

“एक लाख बेचाळीस हजार तीनशे. वहीत लिहून हाये माह्या. अन् आता दाखवते एक लाख एकाहत्तर हजार नऊशे पन्नास.”

“काल मुनीमजी किती वाजता आले होते?”

“काल? रविवारी गाडी उशिरा आली. सहा वाजले असन.”

इथे शांतपणे वजाबाकी करायची. १,७१,९५० मधून १,४२,३०० गेले की उरतात २९,६५०. आणि १८,४०० अधिक ११,२५० बरोबर २९,६५०. दोन्ही बिलं कुठेही गेलेली नाहीत, ती रविवारच्या विक्रीत जाऊन बसली आहेत. मी भाऊंना रिपोर्टमध्ये रविवारची तारीख उघडायला सांगितली. दोन्ही बिलं तिथे सापडली. मुनीमजींनी पैसे उचलले नाहीत, हेही त्याच क्षणी सिद्ध झालं, आणि तो निरोप मी तिकीट लिहिण्याच्या आधी दिला.

लक्षात घ्या, फोनवर मी ‘असं का होतं असेल’ हे एकदाही विचारलं नाही. ग्राहकाला कारण विचारलं की तो अंदाज देतो, आणि पुढचा सगळा संवाद त्या अंदाजाभोवती फिरतो. नंबर, वेळ, रक्कम, आणि कुठल्या स्क्रीनवर काय दिसलं, एवढंच विचारायचं. पावती, वही, स्क्रीनशॉट यांवरचे आकडे आठवणीवर अवलंबून नसतात. ‘पहाटे’ असं ते म्हणाले असते तर मला काहीच कळलं नसतं. ४:५२, ५:१४ आणि ५:४१ कळले म्हणून बरंच कळलं: दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या बिलांमधली सीमा ५:१४ आणि ५:४१ यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

हा टप्पा पाहिला की या कामातल्या माणसाला साडेपाच आठवतात. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्याकडे आदला दिवसच चालू असतो. पण हा अजून संशय आहे. संशय पायऱ्यांमध्ये लिहायचा नाही, आधी तो घडवून पाहायचा.

स्वतः घडवून पाहताना

आधीची तिकिटं का परत आली ते आता स्पष्ट आहे. डेव्हलपर पहाटे पाच वाजता बिल बनवून पाहत नाही. सकाळी दहानंतर केलेलं प्रत्येक बिल योग्य तारखेतच पडतं.

इथे एक सापळा आहे. सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे दुपारीच फोनचं घड्याळ मागे नेऊन पहाटेचे पाच करायचे. आमच्या अ‍ॅपमध्ये पावतीवर वेळ छापली जाते ती फोनची, पण बिलाची नोंद होते ती सर्व्हरच्या वेळेने. घड्याळ मागे नेलं तर पावतीवर ५:०० छापलं जातं, सर्व्हर मात्र दुपारचीच वेळ नोंदवतो आणि बिल बरोबर तारखेत दिसतं. तुम्ही खुशाल निष्कर्ष काढता की दोष नाही. म्हणून वेळेशी संबंधित दोष तपासताना ती वेळ नेमकं कोण ठरवतं, फोन की सर्व्हर, हे आधी माहीत करून घ्या. ज्याचं घड्याळ बदलता येईल असा चाचणी सर्व्हर असेल तर तो वापरा. नसेल तर पहाटे उठणं हाच खरा मार्ग, आणि मी तोच घेतला.

दोष घडला की त्यातलं अनावश्यक कमी करत न्यायचं. मूळ बिलात भाजीचे अनेक प्रकार, हमाली, उधारी, सगळंच होतं. मी एका वस्तूचं रोख बिल केलं, दोष घडला, म्हणजे वस्तूंची संख्या आणि उधारी यांचा संबंध नाही. पावती न छापता केलं, तरी घडला. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर केलं, तरीही. दर वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला हे सांगता येत नाही. शेवटी सीमेच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ गेले: ५:२९ चं बिल आदल्या दिवशी पडलं, ५:३१ चं त्याच दिवशी.

मुनीमजींचं म्हणणंही तपासलं, कारण ते भाऊंच्या म्हणण्याला छेद देत होतं. त्यांनी बिल ‘आजच्या विक्रीत’ पाहिलं होतं म्हणे. पहाटे ५:२६ ला ती स्क्रीन उघडली तर बिल खरंच तिथे होतं, वरच्याच ओळीत. साडेपाचनंतर उघडली तर नव्हतं. ‘आज’ म्हणजे कोणती तारीख हेही सर्व्हरच ठरवत होता, आणि साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी रविवारच होता. मुनीमजींनी वरच्या दोन ओळी पाहिल्या, खालची रविवारची सगळी बिलं त्यांनी कशाला पाहावी? दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलत असले तर एकाला खोटं ठरवण्याआधी दोघांनी ती स्क्रीन किती वाजता पाहिली हे विचारा.

अपेक्षित काय, हे कुठून आणायचं

तिकिटातला सगळ्यांत हलगर्जीपणे लिहिला जाणारा भाग म्हणजे अपेक्षित परिणाम. ‘बिल नीट दिसावं’, ‘रिपोर्ट बरोबर यावा’ असं लिहिलेलं मी रोज पाहते. डेव्हलपरला त्यातून काहीच मिळत नाही, कारण बरोबर म्हणजे काय हाच तर प्रश्न आहे. अपेक्षेला आधार लागतो, आणि तो आधारही लिहावा लागतो.

या तक्रारीत हा प्रश्न वाटतो तितका सरळ नव्हता. पहाटे पावणेपाचचं बिल कोणत्या दिवसाचं? मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे खरं, पण रात्रभर चालणाऱ्या धंद्यांत लोक कधी कधी पहाटेची विक्री आदल्या दिवशीच्या हिशोबात धरतात. डेव्हलपर सहज म्हणू शकला असता की हे जाणूनबुजून असं ठेवलंय. म्हणून मी भाऊंना विचारलं, “तुमच्या कागदी वहीत पहाटेचं बिल कोणत्या तारखेला मांडता?” ते म्हणाले, “ज्या दिवशी फाटलं त्याच दिवशी. रातच्याला वही बंद झाली की झाली.” दुसरा आधार आमच्याच पावतीवर होता. तिच्यावर सोमवारची तारीख छापलेली होती. एकाच बिलाची पावती सोमवार म्हणते आणि रिपोर्ट रविवार, हे कोणत्याही नियमाने चूकच. अपेक्षेला असा आधार असला की ‘हे असंच ठेवलंय’ या उत्तराला जागा उरत नाही.

प्रत्यक्ष परिणाम लिहिताना उलटी शिस्त लागते. तिथे फक्त स्क्रीनवर दिसलं तेच लिहायचं, आकड्यांसकट. ‘बेरीज चुकते’ असं नाही, किती यायला हवी होती आणि किती आली ते. आणि जे घडलं तेवढंच नाही, जे बिघडलं नाही तेही: बिल डिलीट झालेलं नाही, रक्कम बदललेली नाही, फक्त दिवस बदलला आहे. यामुळे तिकिटाची गंभीरताही खरी ठरते. डेटा नाहीसा होणं आणि डेटा चुकीच्या तारखेखाली दिसणं या दोन वेगळ्या प्रतीच्या अडचणी आहेत, आणि त्यांचा शोध कोडच्या वेगवेगळ्या भागांत घेतला जातो.

तयार झालेलं तिकीट

शीर्षक: पहाटे ५:३० च्या आधी केलेलं बिल आदल्या दिवशीच्या विक्रीत दिसतं

परिस्थिती: चाचणी खातं, काल आणि आज एकही बिल नाही. अँड्रॉइड फोन, वेळ ऑटोमॅटिक, भारतीय प्रमाणवेळ. फोनचं घड्याळ हाताने बदलू नये, तसं केल्यास दोष दिसत नाही.

पायऱ्या:

1. पहाटे ५:२५ ला ‘नवीन बिल’ उघडून एक वस्तू, ₹१००, रोख असं बिल सेव्ह करा. पावतीवर आजची तारीख येते.
2. ५:३५ ला तसंच ₹२०० चं दुसरं बिल सेव्ह करा.
3. सकाळी ६ नंतर ‘आजची विक्री’ उघडा.
4. ‘रिपोर्ट’ मध्ये ‘तारखेनुसार’ निवडून कालची तारीख उघडा.

अपेक्षित परिणाम: ‘आजची विक्री’ मध्ये २ बिलं, एकूण ₹३००. कालच्या तारखेत शून्य. आधार: दोन्ही पावत्यांवर आजची तारीख आहे, आणि ग्राहक वहीतही बिल फाटल्याच्या तारखेलाच मांडतो.

प्रत्यक्ष परिणाम: ‘आजची विक्री’ मध्ये १ बिल, ₹२००. कालच्या तारखेत १ बिल, ₹१००. बिल नष्ट होत नाही, रक्कम बदलत नाही.

किती वेळा: ५:३० च्या आधीच्या प्रत्येक बिलाला घडतं. ५:२९ ला घडतं, ५:३१ ला घडत नाही. वस्तूंची संख्या, उधारी, छपाई आणि नेटवर्क यांचा संबंध नाही.

आणखी निरीक्षण: ५:३० च्या आधी ‘आजची विक्री’ उघडल्यास पहिलं बिल तिथे दिसतं, नंतर दिसेनासं होतं.

ग्राहकावर परिणाम: सकाळी रोजमेळ जुळत नाही, आणि रात्री जुळवून बंद केलेला आदल्या दिवशीचा मेळही बदलतो. मुनीमावर पैशाचा संशय आला होता. ग्राहकाची बिलं ४१८७ आणि ४१८८, सोमवार.

अंदाज (तपासलेला नाही): तारीख यूटीसीप्रमाणे ठरत असावी.

शेवटच्या तीन ओळींबद्दल थोडं. संताप तिकिटातून काढायचा, पण त्यामागचं नुकसान काढायचं नाही. मुनीमावरच्या संशयाची एक ओळ वाचली की डेव्हलपरला आणि तिकिटांचा क्रम लावणाऱ्याला दहा उद्गारचिन्हांपेक्षा जास्त कळतं. अंदाज द्यायला हरकत नाही, तो उपयोगीच पडतो, पण सगळ्यांत खाली आणि अंदाज म्हणूनच. शीर्षकात अंदाज गेला की आधीच्या दोन तिकिटांसारखं होतं. आणि भाऊंचा मूळ व्हॉइस मेसेज तिकिटाला जोडून ठेवला. मी गाळलेल्या एखाद्या वाक्यात डेव्हलपरला काही सापडू शकतं.

या वेळी तिकीट परत आलं नाही. डेव्हलपरने बिल ४१८७ ची नोंद काढली तर सर्व्हरवर तिची वेळ आदल्या दिवशीची २३:२२ होती, म्हणजे आपले ४:५२. वेळ यूटीसीत साठवणं चूक नव्हतंच, ती चांगली पद्धत आहे. चूक होती रिपोर्टमध्ये, जिथे त्या वेळेची थेट तारीख काढली जात होती:

```sql
-- आधी
DATE(created_at)
-- दुरुस्तीनंतर
DATE(CONVERT_TZ(created_at, '+00:00', '+05:30'))
```

‘आज’ कोणता हे ठरवणाऱ्या भागातही तसाच बदल करावा लागला. मुनीमजींच्या निरीक्षणाची ओळ तिकिटात नसती तर तो भाग राहून गेला असता.

घडवता आलं नाही तर

प्रत्येक तक्रार अशी उलगडत नाही. कधी ग्राहकाकडे पावती नसते, कधी दोष महिन्यातून एकदाच येतो. तेव्हा पायऱ्या रचून लिहू नका. ‘आमच्याकडे घडवता आलं नाही’ असं सरळ लिहा, काय काय करून पाहिलं ते लिहा, आणि ग्राहकाचा बिल नंबर, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि फोनचं मॉडेल द्या. एवढ्यावर डेव्हलपर सर्व्हरच्या लॉगमध्ये नेमकी ती जागा शोधू शकतो. ‘काल सकाळी कधीतरी’ यावर तो काहीच शोधू शकत नाही. पुढच्या वेळी दोष दिसल्याबरोबर ग्राहकाने काय करायचं हेही ठरवून द्या: स्क्रीनशॉट काढायचा, वरच्या पट्टीतली वेळ त्यात आली पाहिजे, आणि अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडण्याच्या आधी काढायचा.

बंद करण्याआधी

दुरुस्ती आल्यावर मूळ पायऱ्या पुन्हा करायच्याच, पण सीमा आता सरकलेली असते. म्हणून रात्री ११:५५ आणि १२:०५ ची बिलंही करून पाहिली, कारण तारीख आता मध्यरात्रीच बदलायला हवी. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचीही एक चाचणी केली. १ तारखेच्या पहाटेचं बिल आधी मागच्या महिन्याच्या बेरजेत जात होतं आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग जुनी बंद तिकिटं धुंडाळली. एका दूध डेअरीची आणि एका पेपर एजन्सीची ‘बिल दिसत नाही’ अशी तिकिटं सापडली, दोन्ही `Cannot Reproduce`, दोघांचाही धंदा उजाडण्याआधीचा. ती याच तिकिटाला जोडली.

राहिलं ते ग्राहकांना कळवणं. रिपोर्ट दुरुस्त झाला की जुन्या तारखांच्या बेरजाही बदलतात, कारण चुकीच्या दिवशी बसलेली बिलं आपापल्या दिवशी परत जातात. हे आधी सांगितलं नाही तर नवीन तक्रार ठरलेली. भाऊंना फोन करून सांगितलं की उद्यापासून मागच्या तीन महिन्यांचे काही आकडे वेगळे दिसतील आणि ते तुमच्या कागदी वहीशी जुळायला हवेत, जिथे जुळणार नाहीत त्या तारखा मला पाठवा. त्यांनी चार तारखा पाठवल्या. तीन ठिकाणी वहीतच बेरीज चुकलेली होती, चौथ्या तारखेचं तिकीट आता उघडं आहे.